ब्युरेटमध्ये पाणी चालत नाही, फ्लास्कमध्ये चालतं

बारावीच्या रसायनशास्त्राच्या प्रात्यक्षिक परीक्षेत टायट्रेशनच्या टेबलाशी आलेले बहिस्थ परीक्षक बहुतेक वेळा एका साध्या प्रश्नाने सुरुवात करतात: "ब्युरेट कशाने खंगाळलीस?" मुलगा म्हणतो, "आधी डिस्टिल्ड वॉटरने, मग पोटॅशियम परमँगनेटच्या द्रावणाने." उत्तर बरोबर आहे. पण पुढचा प्रश्न येतो, "आणि कॉनिकल फ्लास्क?", आणि तिथे बरीच मुलं अडखळतात. एवढी दोन भांडी दोन तऱ्हांनी का धुवायची हे पुस्तकात एका ओळीत उरकलेलं असतं आणि ती ओळ पाठ केली जाते. व्हायवात विचारली जाते ती त्या ओळीमागची गोष्ट. ती समजण्यासाठी एकच प्रयोग घेऊ, ऑक्झॅलिक आम्ल विरुद्ध पोटॅशियम परमँगनेट. हाताळणीचे आणि सुरक्षिततेचे बहुतेक प्रश्न याच एका प्रयोगावर विचारता येतात.

समजा, पिपेटने 0.05 मोलर ऑक्झॅलिक आम्लाचं 10 मिलिलिटर द्रावण फ्लास्कमध्ये घेतलं आणि ब्युरेटमधलं परमँगनेट नेमकं 0.02 मोलर आहे. या अभिक्रियेत ऑक्झॅलिक आम्लाच्या पाच रेणूंना परमँगनेटचे दोन लागतात, म्हणून सगळं नीट झालं तर ब्युरेटचं वाचन 10.0 मिलिलिटर यायला हवं. आता 50 मिलिलिटरच्या त्या ब्युरेटमध्ये धुतल्यानंतर अर्धा मिलिलिटर पाणी काचेला चिकटून राहिलं आणि तशीच ती भरली, तर परमँगनेट एक टक्क्याने पातळ झालं. तेवढंच काम करायला ते थोडं जास्त लागणार, आणि वाचन 10.1 येणार. ब्युरेटवरची सर्वांत लहान रेघ 0.1 मिलिलिटरची असते. म्हणजे डोळ्याला न दिसणाऱ्या पाण्याने उत्तर नेमकं एका रेघेने सरकलं. तिन्ही वाचनं सारखी येतील, कॉन्स्टंट ब्युरेट रीडिंगही सापडेल, आणि तरीही उत्तर चुकीचंच असेल.

पिपेट ओली राहिली तर उलट होतं. तिच्यात 0.2 मिलिलिटर पाणी असेल, तर 10 मिलिलिटरच्या मापात ऑक्झॅलिक आम्लाचं द्रावण 9.8 मिलिलिटरच येईल आणि ब्युरेटचं वाचन 9.8 वर थांबेल. म्हणून पिपेटही जे द्रावण मोजायचं त्यानेच खंगाळायची.

फ्लास्कची गोष्ट वेगळी आहे. त्याने काहीच मोजायचं नसतं. पिपेटमधून जेवढं ऑक्झॅलिक आम्ल त्यात पडलं, तेवढंच तिथे राहणार. शेजारी दोन चमचे पाणी असलं काय नि नसलं काय, आम्लाचे रेणू कमी होत नाहीत की वाढत नाहीत. उलट एखाद्याने फार काळजी घेऊन फ्लास्क ऑक्झॅलिक आम्लाने खंगाळला आणि त्यातले 0.3 मिलिलिटर तळाशी राहिले, तर वाचन 10.3 येईल. म्हणून व्हायवातलं उत्तर असं असावं: "सर, ब्युरेट आणि पिपेट द्रावण मोजतात, त्यांच्यात पाणी राहिलं तर द्रावण पातळ होतं. फ्लास्कमध्ये फक्त अभिक्रिया होते, म्हणून तो डिस्टिल्ड वॉटरने धुतला की पुरे. द्रावणाने धुतला तर न मोजलेलं द्रावण आत राहतं." हे उत्तर दिलेल्या मुलाला मग सल्फ्युरिक आम्लाबद्दल विचारलं तरी अडचण येत नाही. ते मोजपात्राने अंदाजे घातलं तरी चालतं, कारण ते जरुरीपेक्षा जास्तच घालायचं असतं आणि हिशेबात ते येत नाही.

आता पिपेट हातात घेऊ. तोंडाने ओढायची की रबरी बल्बने? आजही काही कॉलेजांत मुलं तोंडाने ओढताना दिसतात आणि शिक्षक डोळेझाक करतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. धोका फार साधा आहे. ओढता ओढता बीकरमधली पातळी खाली जाते, पिपेटचं टोक द्रावणाच्या बाहेर येतं, आणि अडलेला द्रावणाचा स्तंभ हवेच्या झटक्यासरशी वर उडतो, थेट तोंडात. ऑक्झॅलिक आम्ल विषारी आहे. शरीरातलं कॅल्शियम ते बांधून ठेवतं आणि मूत्रपिंडांना इजा करतं. 10 मिलिलिटर पातळ द्रावणाने जीव जाणार नाही, पण ओढायची सवय लागलेला मुलगा उद्या अमोनियाही तसाच ओढेल. "मॅडम, पिपेट नेहमी बल्बने भरायची, आणि भरत असताना तिचं टोक द्रावणात खोल ठेवायचं," हे उत्तर पूर्ण आहे.

बल्ब लावतानाही हात कापतो, आणि ही गोष्ट क्वचितच शिकवली जाते. पिपेट मधोमध किंवा खाली धरून बल्ब वरून दाबला, की लांब काच मध्ये मोडते आणि तुटलेलं टोक तळहातात घुसतं. पिपेट वरच्या टोकाजवळ, बल्बपासून दोन बोटांवर धरायची, टोक पाण्याने ओलं करायचं आणि बल्ब दाबून न ठोसता हळू फिरवत बसवायचा. टोकाला टवका गेलेली पिपेट बाजूला ठेवून दुसरी मागायची. ती ओठाला किंवा बोटाला लागते, आणि शिवाय तिचं मापही भरवशाचं राहत नाही.

रिकामं करताना द्रावण आपसूक वाहू द्यायचं, मग टोक फ्लास्कच्या भिंतीला टेकवायचं. टोकात उरलेला थेंब फुंकायचा नाही. परीक्षक हे हमखास विचारतात. कारण हे की नेहमीच्या पिपेटवरचं 10 मिलिलिटरचं माप तो थेंब आत राहील असं धरूनच आखलेलं असतं. फुंकला तर द्रावण जास्त पडतं.

ब्युरेट भरताना धोका डोळ्यांना असतो. ती स्टँडवर उंच बसवलेली असते, आणि मुलं टाचा उंचावून किंवा स्टुलावर चढून, चेहऱ्याजवळ धरलेल्या फनेलमधून द्रावण ओततात. फनेल भरला की द्रावण उसळून बाहेर येतं. योग्य रीत अशी: क्लॅम्प सैल करून ब्युरेट खाली घ्यायची, फनेलचं तोंड छातीपेक्षा वर येऊ द्यायचं नाही, मग भरायची आणि परत वर बसवायची. भरून झालं की फनेल काढायचा. तो राहिला तर टायट्रेशन चालू असताना त्यातून एखादा थेंब वरून पडतो आणि वाचन खऱ्यापेक्षा कमी येतं. तोटीखाली हवेचा बुडबुडा राहिला असेल तर तोटी पूर्ण उघडून जोराने थोडं द्रावण सोडायचं. नाहीतर तो मध्येच निघून जातो आणि त्याच्या जागेइतकं द्रावण न पडताच वाचनात धरलं जातं. परमँगनेट गडद जांभळं असल्याने त्याच्या वक्र पृष्ठभागाची खालची कड दिसत नाही, म्हणून वरची कड वाचायची. सुरुवातीला आणि शेवटी, दोन्ही वेळा वरचीच. आणि तोटी काचेची हवी; रबरी नळी आणि पिंचकॉक असलेली ब्युरेट इथे चालत नाही, कारण परमँगनेट रबर खातं.

आता आम्ल. "सल्फ्युरिकच का? हायड्रोक्लोरिक किंवा नायट्रिक का नाही?" हायड्रोक्लोरिक घातलं तर परमँगनेट त्याचंच ऑक्सिडीकरण करतं आणि क्लोरीन वायू सुटतो, परमँगनेट वाया जाऊन वाचन वाढतं आणि श्वासात क्लोरीन जातो. नायट्रिक आम्ल स्वतःच ऑक्सिडीकारक, ते परमँगनेटचं काम आपणच करतं आणि वाचन घटतं. सल्फ्युरिक कमी पडलं तर फ्लास्कमध्ये तपकिरी गाळ दिसतो, तो मँगनीज डायऑक्साइडचा. तो दिसला की ते वाचन सोडून द्यायचं. इथे एक इशारा महत्त्वाचा: घालायचं ते पातळ आम्ल. परमँगनेटच्या कोरड्या स्फटिकांवर तीव्र सल्फ्युरिक आम्ल पडलं तर मँगनीजचं एक तेलकट ऑक्साइड बनतं आणि त्याचा स्फोट होऊ शकतो. कुतूहलाने करून पाहायची ही गोष्ट नाही.

आम्ल पातळ करताना पाण्यात आम्ल ओतायचं, हे सगळ्यांना पाठ असतं. का, हे विचारलं की मुलं "उष्णता निर्माण होते" एवढ्यावर थांबतात. उष्णता दोन्ही बाजूंनी सारखीच निर्माण होते. फरक घनतेचा आहे. तीव्र आम्ल पाण्याच्या जवळजवळ पावणेदोनपट जड. त्यावर पाणी ओतलं तर ते वरच तरंगतं, तिथल्या तिथे उकळतं आणि आम्लासकट उडतं. उलट केलं तर जड आम्ल खाली जातं, भरपूर पाणी उष्णता शोषून घेतं. आम्ल बारीक धारेने, ढवळत आणि तेही पाण्याच्या बाजूने ओतायचं.

ऑक्झॅलिक आम्लाचा फ्लास्क 60 ते 70 अंश सेल्सिअसपर्यंत तापवायचा, कारण थंड असताना अभिक्रिया फार मंद असते. उकळवायचा नाही, आम्लाचं विघटन होतं. याउलट मोहरचं मीठ कधीच तापवायचं नाही. त्यातलं लोह हवेने ऑक्सिडाइज होतं. तापलेली काच आणि गार काच दिसायला अगदी एकसारखी असते, म्हणून चिमटा किंवा दुमडलेलं फडकं वापरायचं, हाताने अंदाज घ्यायचा नाही. सुरुवातीचे थेंब जांभळे राहतात म्हणून मुलं घाबरतात. थोडं थांबायचं. मँगनीजचे आयन तयार झाले की तेच पुढे अभिक्रिया वेगाने चालवतात. फिकट गुलाबी रंग अर्धा मिनिट टिकला की थांबायचं.

एवढं करूनही आम्ल अंगावर उडालं तर? "सोडा लावायचा," असं घाईचं उत्तर येतं. आधी वाहतं पाणी, निदान 15 मिनिटं, आणि आम्ल उडालेले कपडे लगेच काढायचे. डोळ्यात गेलं तर पापण्या उघड्या ठेवून फक्त पाणीच, आणि ताबडतोब डॉक्टर. डोळ्यात दुसरं कुठलंही द्रावण घालायचं नाही. सोडा त्वचेवर, तोही पातळ, आणि पाण्यानंतरच.

शेवटचा प्रश्न काही परीक्षक मुद्दाम ब्युरेटकडे बोट दाखवून विचारतात: "टोकाला हा तपकिरी डाग कसला?" तोही मँगनीज डायऑक्साइडचाच. पाण्याने जात नाही. आधीच्या बॅचने काम झाल्यावर परमँगनेट तसंच भरून ठेवलं की तो बसतो, आणि वाढला की तोटी जाम होते. सल्फ्युरिक मिसळलेलं कोमट ऑक्झॅलिक आम्ल त्यातून सोडलं की डाग विरघळतो. टेबलावर दोन्ही तयारच असतात. नंतर पाण्याने भरपूर धुवून, तोटी उघडी ठेवून ब्युरेट उलटी लावायची.