फोटोतल्या बाटल्या आणि सोसायटीचा नफा

मार्चअखेर आली की निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्षपट्ट्यात सोसायट्यांच्या औषध दुकानांत एकच घाई उडते. शिल्लक मालाची यादी ३१ मार्चच्या तारखेने ताळेबंदाला लावायची असते. आता मोबाईल प्रत्येकाच्या खिशात आहे. मग फडताळाचा फोटो काढायचा, दिसतील त्या बाटल्या मोजायच्या आणि दरपत्रकातल्या किमतीने गुणायच्या. "फोटोत दिसतंय ना सगळं? मोजा अन् गुणा, झालं!" असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. हिशेब चटकन होतो खरा, पण तो कुठे फसतो ते एका फळीवरून पाहू.

समजा, केवड्यावरच्या एका औषधाच्या एक लिटरच्या बाटल्या फळीवर आहेत. फोटोत पुढच्या रांगेत १२ दिसतात. फळी तीन बाटल्या मावतील इतकी खोल, म्हणून ३६ धरल्या. छापील किंमत ९०० रुपये. किंमत झाली ३२,४०० रुपये.

आता हात घालून मोजा. पुढे १२ आहेत, पण मधल्या रांगेत १० आणि मागे चारच. म्हणजे एकूण २६. दुकानदार रिकामी झालेली फळी भरलेली दिसावी म्हणून माल नेहमी पुढे ओढून ठेवतो. त्यात लबाडी नाही, ती दुकानाची रीतच आहे. पण फोटोला मागची पोकळी दिसत नाही. २५० मिलीची बाटलीही जवळून काढलेल्या फोटोत लिटरची वाटते, हेही ध्यानात ठेवा.

मग प्रत्येक बाटली उलटून मुदतीची तारीख वाचा. २६ पैकी पाचांची मुदत संपलेली निघाली. त्यांची किंमत शून्य. कीटकनाशक नियम, १९७१ प्रमाणे असा माल 'विक्रीसाठी नाही' असा शिक्का मारून वेगळ्या जागी ठेवावा लागतो, त्यामुळे तो या फळीवर असायलाच नको होता. उरल्या २१. त्यातल्या आठांची मुदत ऑगस्टपर्यंतच आहे. केवड्याच्या औषधाला खरा उठाव येतो ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर. म्हणजे या आठ बाटल्या मुदतीआधी पूर्ण भावाने खपणे कठीण. कंपनी परत घेत नसेल आणि ४०० रुपयांना काढाव्या लागणार असतील, तर किंमत ४०० च धरायची.

राहिल्या १३. यांनाही ९०० लावता येत नाही, कारण त्यात अजून न झालेल्या विक्रीचा नफा धरलेला असतो. हिशेबाचा नियम असा की खरेदीची किंमत आणि विकून हाती येणारी रक्कम, यांत जी कमी ती धरावी. समजा, खरेदी बिलावर कर वगळून ६२० रुपये आहेत. जीएसटीचा परतावा सोसायटी घेत असेल तर तो कर मालाच्या किमतीत धरायचा नाही. १३ गुणिले ६२० म्हणजे ८,०६०, आणि आठ गुणिले ४०० म्हणजे ३,२००. एकूण ११,२६० रुपये.

एकाच फळीत २१,१४० रुपयांचा फरक पडला! शिल्लक माल जितका फुगतो, तितकाच नफा कागदावर फुगतो. त्यावर लाभांश वाटला, तर तो सभासदांच्याच भांडवलातून गेला. पुढच्या वर्षी हाच माल सुरुवातीच्या शिलकेत येतो आणि तोटा तेव्हा उघडा पडतो. त्या वेळी नवा सचिव फुकट शिव्या खातो.

मग फोटो काढूच नये का? जरूर काढा, पण पुरावा म्हणून. तारीख लिहिलेला कागद फळीवर ठेवून समोरून एक आणि बाजूने एक फोटो घ्या. फळीला क्रमांक द्या आणि मोजणी यादीत तोच लिहा, म्हणजे एकच फळी दोनदा मोजली जात नाही. बंद पेट्यांवर नगसंख्या छापलेली असते, तरी चारदोन उघडून पाहा.

शेवटी आकडा साठा नोंदवहीशी ताडा. सुरुवातीची शिल्लक, अधिक खरेदी, वजा विक्री, इतके नग फळीवर हवेत. मोजणी ३ एप्रिलला झाली असेल तर १ एप्रिलपासून मोजणीपर्यंतची विक्री त्यात मिळवा आणि आलेला माल वजा करा, मगच ३१ मार्चची शिल्लक निघते. नोंदवहीत २८ आणि हातात २६ असतील, तर दोन बाटल्या उधारीवर जाऊन पावती फाडायची राहिली का, ते आधी पाहा.

सभासद बंधूंनो, वार्षिक सभेत नफ्याचा आकडा ऐकून टाळ्या वाजवण्याआधी एवढं विचारा : "माल मोजला कोणी, अन् दर खरेदीचा लावला का छापील?"