परदेशातल्या मुलाला कळवताना

समजा, पुण्यात पहाटे बाबांच्या छातीत दुखू लागलं, ईसीजीत हार्ट अटॅक निघाला आणि सहा वाजता त्यांना अँजिओप्लास्टीसाठी आत नेलं. मुलगा न्यू जर्सीत. उन्हाळ्यात तिथलं घड्याळ आपल्यामागे साडेनऊ तास असतं, म्हणजे तिथे आदल्या रात्रीचे साडेआठ. अशा वेळी घरातून बहुधा दोनपैकी एक निरोप जातो. ‘लवकर फोन कर’, नाहीतर ‘किरकोळ आहे, काळजी करू नकोस’. पहिल्याने मुलाच्या मनात नको नको ते येतं. दुसरा खरा नव्हता हे दोन दिवसांत उघड होतं आणि मग ‘बाबा आता बरे आहेत’ यावरही त्याचा विश्वास बसत नाही.

निरोपात चार गोष्टी हव्यात : काय झालं, आत्ता कसे आहेत, काय अजून कळलेलं नाही आणि पुढची बातमी कधी मिळेल. ‘बाबांना पहाटे हार्ट अटॅक आला. एक रक्तवाहिनी बंद होती, ती स्टेंट घालून उघडली. आत्ता सकाळचे आठ वाजलेत. ते आयसीयूत आहेत, शुद्धीवर आहेत, बोलतायत. हृदयाला किती इजा झालीय ते टूडी एको केल्यावर कळेल. डॉक्टर दुपारी भेटतील. दीड वाजता, म्हणजे तुझ्या पहाटे चारला, मी फोन करते.’ दीडला सांगण्यासारखं नवं नसलं, तरी फोन करायचाच. ठरलेली वेळ टळली, की तिकडे भीती वाढते.

सुनेला मराठी येत नसेल किंवा मुलाला ऑफिसात रजा मागायची असेल, तर हाच मजकूर इंग्रजीतही पाठवावा. तिथे आजाराचं नाव हॉस्पिटलच्या कागदावर आहे तेच लिहावं. घाईत ‘हार्ट अटॅक’ऐवजी ‘कार्डिअ‍ॅक अरेस्ट’ लिहिलं जातं. अटॅकमध्ये हृदयाच्या स्नायूचा रक्तपुरवठा अडतो, अरेस्टमध्ये हृदयाचं काम थांबतं. तसंच ‘स्टेबल’ म्हणजे प्रकृती सध्या एका पातळीवर टिकून आहे, धोका टळला असं नव्हे. म्हणून नुसतं ‘ही इज स्टेबल’ लिहून थांबू नये. ‘ही इज स्टिल इन द आयसीयू’ हेही जोडावं.

मग प्रश्न येतो, ‘मी निघू का?’ त्याचं उत्तर अंदाजाने देऊ नये. डॉक्टरांना सरळ विचारावं, की येत्या दोन-तीन दिवसांत जिवाला धोका आहे का, आणि त्यांचं उत्तर जसंच्या तसं कळवावं. वर्क व्हिसावर असलेल्या मुलाच्या पासपोर्टवरच्या व्हिसाची मुदत संपली असेल, तर इथे आल्यावर परत जाण्याआधी त्याला वकिलातीतून नवा व्हिसा घ्यावा लागतो, आणि त्याला किती दिवस लागतील याचा भरवसा नसतो. यायचं की थांबायचं हे त्याने ठरवायचं आहे. ते नीट ठरवता यावं म्हणून त्याला खरी माहिती लागते, आणि ती त्या क्षणी फक्त आपल्याकडे असते.