गाझाच्या गल्लीतला फोटो आणि त्याची रॉ फाइल

गाझा शहर, २० नोव्हेंबर २०१२. एका अरुंद गल्लीतून माणसांचा लोंढा पुढे येतो आहे. सर्वांत पुढच्या दोघांच्या हातांवर पांढऱ्या कापडात गुंडाळलेली दोन लहान मुलं आहेत. एक दोन वर्षांचं, दुसरं त्याहून थोडं मोठं. इस्रायली क्षेपणास्त्राच्या माऱ्यात त्यांचं घर कोसळलं आणि या भावंडांबरोबर त्यांचे वडीलही गेले. काका मुलांना दफनाआधी मशिदीकडे घेऊन निघाले आहेत. मागून वडिलांचा मृतदेह येतो आहे. कुणी रडतं आहे, कुणी रागाने ओरडतं आहे, आणि वरून आलेला उजेड भिंतींवरून या चेहऱ्यांवर पडला आहे.

हा फोटो काढणारे पॉल हॅन्सन स्वीडनच्या ‘डागेन्स न्युहेटर’ या दैनिकाचे छायाचित्रकार. फेब्रुवारी २०१३ मध्ये ‘वर्ल्ड प्रेस फोटो’ या संस्थेने त्याला वर्षातला सर्वोत्तम वृत्तछायाचित्राचा मान दिला. कौतुकाबरोबर एक कुजबुजही सुरू झाली. फोटो फारच देखणा आहे, उजेड सिनेमातल्यासारखा वाटतो, असं काही छायाचित्रकारच म्हणू लागले. मे महिन्यात त्या कुजबुजीचं आरोपात रूपांतर झालं. नील क्रॉवेट्झ या अमेरिकी संगणकतज्ज्ञाने आपलं विश्लेषण इंटरनेटवर मांडलं. हा एक फोटो नसून वेगवेगळ्या फोटोंचे तुकडे एकत्र जोडले आहेत, असं त्याचं म्हणणं होतं. एका तंत्रज्ञानविषयक प्रकाशनाने ते उचललं, आणि ‘पुरस्कारविजेता फोटो बनावट’ हे वाक्य जगभर फिरू लागलं. ते पुढे पाठवणाऱ्या बहुतेकांनी फोटोची मूळ फाइल पाहिलेली नव्हती. क्रॉवेट्झचा अभ्यासही इंटरनेटवर उपलब्ध असलेल्या जेपेग प्रतीवरच आधारलेला होता.

आरोप वरवरचा नव्हता. त्यामागे तीन पुरावे दिले होते आणि तिन्ही ऐकायला शास्त्रीय वाटत होते. म्हणूनच ते कुठे चुकले, हे नीट पाहायला हवं.

पहिला पुरावा फोटोच्या फाइलमध्ये साठलेल्या नोंदींचा. फोटो संगणकावर उघडला, बदलला, साठवला की त्याचा इतिहास फाइलमध्ये उमटत जातो. हॅन्सन यांच्या फाइलमध्ये एकाहून अधिक फाइली एकत्र आल्याच्या नोंदी होत्या. आरोप करणाऱ्याने त्याचा अर्थ वेगवेगळे फोटो असा लावला. हॅन्सन यांचं स्पष्टीकरण साधं होतं. गल्लीत कुठे प्रखर उजेड होता, कुठे गडद सावली. त्यांनी एकच मूळ फाइल वेगवेगळ्या उजेडाला पुन्हा पुन्हा ‘डेव्हलप’ केली आणि त्या प्रती तंतोतंत एकमेकींवर ठेवल्या, म्हणजे सावलीतले चेहरेही दिसावेत आणि उन्हातली भिंतही पांढरीफटक होऊ नये. डार्करूमच्या काळात प्रिंट काढताना छायाचित्रकार कागदाचा एखादा भाग हाताने झाकून उजळ ठेवत आणि दुसऱ्या भागाला जास्त उजेड देऊन तो गडद करत. हेतू तोच. नोंदींमध्ये मात्र एकाच फाइलची ही आवर्तनं निरनिराळ्या फाइलींसारखी दिसतात.

दुसरा पुरावा सावल्यांचा. चेहऱ्यांवरचा उजेड सूर्याच्या जागेशी जुळत नाही, असा दावा होता. उन्हातल्या फोटोत सूर्य कुठे आहे हे काढायची एक भूमितीय रीत आहे. वस्तूवरचा एक बिंदू घ्यायचा, सावलीत नेमका त्याच बिंदूचा ठसा शोधायचा आणि दोन्हींतून रेषा काढायची. अशा अनेक रेषा एकाच ठिकाणी मिळायला हव्यात. पण बिंदूची जोडी चुकली की सगळंच चुकतं. शिवाय अरुंद गल्लीत समोरच्या भिंतीवरून परतलेला उजेडही चेहऱ्यांवर येतो, त्यामुळे सावलीकडचा गालही उजळ दिसतो. सावल्या खऱ्या की खोट्या हे नुसत्या नजरेने ठरवण्यात माणूस फार कच्चा असतो, हे प्रयोगांतून दिसलेलं आहे.

तिसरा पुरावा लोकांना सर्वांत पटला, कारण तो चित्रच होता. जेपेग फाइल ठरावीक दर्जाला पुन्हा साठवायची आणि आधीच्या व नंतरच्या प्रतीतला फरक उजळ करून दाखवायचा. काळ्या पार्श्वभूमीवर काही भाग चमकू लागतात आणि पाहणाऱ्याला वाटतं, इथेच हात फिरला! पण ठळक कडा, बारीक पोत, धारदार केलेला किंवा उजळवलेला भाग, हे सगळं कुठलीही जोडणी नसतानाही चमकतं. त्यावरून जोडकाम सिद्ध होत नाही.

आरोप पसरताच ‘वर्ल्ड प्रेस फोटो’ने हॅन्सन यांची मूळ रॉ फाइल तज्ज्ञांपुढे ठेवली. कॅमेऱ्याच्या सेन्सरवर पडलेला उजेड जवळपास जसाच्या तसा आकड्यांत साठवणारी फाइल म्हणजे रॉ. फोटो सुधारण्याची नेहमीची सॉफ्टवेअर तिच्यातले आकडे बदलत नाहीत, केलेले बदल वेगळे नोंदवतात. त्यामुळे मूळ फाइल आणि छापलेला फोटो शेजारी ठेवून ताडता येतात. तपासणाऱ्यांत हॅनी फरीद होते, डिजिटल छायाचित्रांच्या न्यायवैद्यक तपासणीतलं मोठं नाव. त्यांच्यासोबत केव्हिन कॉनर होते आणि नेदरलँड्सचे एडुआर्ड द काम यांनी स्वतंत्रपणे पाहणी केली. निष्कर्ष असा की काही भाग उजळ आणि काही गडद केले आहेत, रंगछटाही हलवल्या आहेत, पण फोटोतला प्रत्येक ठिपका मूळ फाइलमध्ये होता तिथेच आहे. कुठलंही माणूस बाहेरून आलेलं नाही, कुणी गेलेलं नाही. पुरस्कार कायम राहिला.

रंगछटांवर केलेलं काम जास्त झालं, असं तेव्हा म्हणणारे होते आणि ते मत आजही कुणी बाळगू शकतं. पण ‘उजेड फार खुलवला’ ही अभिरुचीची तक्रार आहे आणि ‘फोटो बनावट’ हा प्रामाणिकपणावरचा आरोप आहे. गर्दीने या दोन्हींची गल्लत केली, आणि त्यात ज्या घरातली मुलं गेली त्या घराचं दुःखच खोटं असावं असा सूर उमटला. छायाचित्रकाराच्या नावाला लागलेल्या बट्ट्यापेक्षा हे जास्त वाईट होतं.

फोटो खरोखर बदलला की तो कसा पकडला जातो, हेही याच स्पर्धेत आधी दिसलं होतं. २०१० मध्ये स्टेपान रुदिक यांच्या बक्षीसपात्र फोटोत हाताला पट्टी बांधलेला एक तरुण होता. मागून डोकावणारा दुसऱ्या कुणाच्या पायाचा छोटासा भाग त्यांनी पुसून टाकला होता. रॉ फाइलशी ताडल्यावर ते उघड झालं आणि बक्षीस गेलं. तो तुकडा इतका किरकोळ होता की प्रेक्षकांपैकी कुणालाही तो खटकला नव्हता. हॅन्सन यांच्या फोटोतला उजेड मात्र सगळ्यांना खटकला, आणि त्यात काही लपवलेलं नव्हतं.

फार नेमकी चौकट साधली तरी हाच संशय येतो. २९ जुलै २०२४ रोजी ताहितीतल्या तेआहुपो इथे ऑलिम्पिकमध्ये ब्राझीलचा गाब्रिएल मेदिना लाटेच्या पाठीवरून हवेत उडाला. शेजारी त्याचं सर्फबोर्ड त्याच्याइतकंच सरळ उभं होतं आणि त्याचं बोट आकाशाकडे होतं. एएफपीचे जेरोम ब्रुइये यांनी बोटीतून टिपलेला तो क्षण पाहून, हे खरं कसं असेल, असं अनेकांनी विचारलं. मेदिना उसळी मारेल या अंदाजाने ते तयार होते आणि तो हवेत असताना त्यांना मोजकेच फोटो मिळाले. त्यांतला हा एक.

‘वर्ल्ड प्रेस फोटो’ अंतिम फेरीतल्या छायाचित्रकारांकडून मूळ फाइली मागवते. २०१५ च्या स्पर्धेत या ताडणीमुळे उपांत्य फेरीतल्या सुमारे २० टक्के प्रवेशिका बाद झाल्या. त्याच वर्षी जोवान्नी त्रोइलो या इटालियन छायाचित्रकाराचं पहिलं पारितोषिकही मागे घेतलं गेलं. त्यांची मालिका बेल्जियमच्या शार्लरोआ शहराची म्हणून सादर झाली होती आणि तिच्यातला एक फोटो ब्रुसेल्समधल्या मोलेनबेकमध्ये काढलेला निघाला. ठिकाणाबद्दलचं ते असत्य ओळीत होतं, फोटोच्या ठिपक्यांत नव्हे, त्यामुळे रॉ फाइल कितीही तपासली असती तरी ते तिथे सापडलं नसतं.