पट्टी मध्ये लावायची की टोकांना?

एका कारखान्याच्या पोटमाळ्याखाली सहा मीटर लांबीचं लोखंडी बीम आहे, दोन्ही टोकांना भिंतींवर नुसतं टेकवलेलं. बाजारात ज्याला २५० चा आय-सेक्शन म्हणतात, तसलं. त्याच्या बरोबर मध्यावर चार टनांचं, म्हणजे सुमारे ४० किलोन्यूटनचं मशीन बसवायचं आहे. हिशेब केला तर बीम मोडणार नाही, ताकद पुरेशी आहे. पण मध्यावर ते १८ मिलिमीटर खाली झुकेल. आपल्या लोखंडी बांधकामाच्या मानकात, आयएस ८०० मध्ये, तडे जाऊ शकतील अशा गिलाव्या-फरशीसाठी झुकण्याची मर्यादा लांबीच्या ३६० व्या भागाएवढी दिली आहे. इथे ती १६.७ मिलिमीटर होते. बीम ताकदीत पास, झुकण्यात नापास.

फॅब्रिकेटर म्हणतो, वर-खाली पट्ट्या वेल्ड करू. १२ मिलिमीटर जाडीच्या, १२५ रुंदीच्या दोन पट्ट्यांनी या बीमचा ताठपणा जवळजवळ बरोबर दुप्पट होतो. (फ्लँजएवढ्याच रुंदीची पट्टी वेल्डिंगला अडचणीची असते, म्हणून प्रत्यक्षात वरची थोडी अरुंद आणि खालची थोडी रुंद घेतात. हिशेबाला फारसा फरक पडत नाही.) पूर्ण लांबीभर लावल्या तर झुकणं निम्म्यावर, ९ मिलिमीटरवर येईल, पण सुमारे १४० किलो लोखंड लागेल. मालकाला ७० किलोतच भागवायचं आहे, म्हणजे पट्ट्या तीनच मीटर लांबीत. त्या मधल्या तीन मीटरमध्ये लावायच्या, की दोन्ही टोकांना दीड-दीड मीटर?

इथेच पुस्तकातलं तयार सूत्र हात टेकतं. ते सूत्र बीमचा ताठपणा सगळीकडे सारखा आहे असं धरून चालतं. आपलं बीम आता दोन स्वभावांचं आहे.

यातून वाट काढणारी कल्पना १८६८ मध्ये ओटो मोर या जर्मन अभियंत्याने मांडली. बीमवर भार असला की त्यापासून आधी शिअर काढतात, मग शिअरपासून बेंडिंग मोमेंट. दोन पायऱ्या, दोन्ही बेरजेच्या. आता झुकण्याकडे पाहा. बीम एखाद्या ठिकाणी किती वळतं, हे तिथल्या मोमेंटला तिथल्या ताठपणाने भागून कळतं, M/EI. या वळणाची बेरीज केली की उतार, उताराची बेरीज केली की झुकणं. पुन्हा त्याच दोन पायऱ्या. मग नवं गणित कशाला? M/EI हाच एक भार समजायचा आणि तो एका कल्पित बीमवर ठेवायचा. त्या कल्पित बीममधला शिअर म्हणजे खऱ्या बीमचा उतार, आणि त्यातला मोमेंट म्हणजे खरं झुकणं. या जुळ्या बीमला काँज्युगेट बीम म्हणतात. १९२१ मध्ये वेस्टरगार्ड यांनी याच नावाने ही पद्धत सविस्तर लिहिली. आपल्यासाठी मोठी सोय अशी की बदलता ताठपणा भागाकारातच मुरतो. कल्पित बीमला स्वतःचा ताठपणा लागतच नाही.

मधल्या पट्ट्यांचा हिशेब करू. साध्या बीमचा ताठपणा, EI, १०,००० धरू (किलोन्यूटन-चौरस मीटर या मापात), पट्टी असलेल्या भागाचा २०,०००. खरा मोमेंट टोकाला शून्य, दीड मीटरवर ३०, मध्यावर ६०. आता भागाकार, उत्तरं हजारांशात. टोकापासून दीड मीटरपर्यंत कल्पित भार शून्यापासून ३ पर्यंत चढतो. पट्टी सुरू होते तिथे तो एकदम दीडवर कोसळतो, आणि तिथून मध्यापर्यंत पुन्हा ३ पर्यंत चढतो. लक्षात घ्या, खरा मोमेंट कुठेच कोसळलेला नाही, कोसळला तो भागाकार. मोमेंटच्या आकृतीतच पायरी काढणं ही विद्यार्थ्यांची नेहमीची चूक.

अर्ध्या बीमवरचा हा भार मोजू. पहिल्या त्रिकोणाचं क्षेत्रफळ २.२५. पुढच्या तुकड्याचे दोन भाग पडतात: २.२५ चा आयत आणि त्यावर १.१२५ चा त्रिकोण. एकूण ५.६२५. दोन्ही बाजू सारख्या असल्याने प्रत्येक टेकूवर एवढीच प्रतिक्रिया येते, आणि खऱ्या बीमच्या टोकाचा उतारही तोच: टोकापाशी मीटरला साडेपाच मिलिमीटरपेक्षा थोडा जास्त. आता मध्यावरचा मोमेंट. प्रतिक्रिया गुणिले तीन मीटर, १६.८७५. त्यातून त्रिकोणाचे २.२५ गुणिले त्याचं मध्यापासून अंतर २ मीटर, आयताचे २.२५ गुणिले पाऊण, छोट्या त्रिकोणाचे १.१२५ गुणिले अर्धा, असं वजा करायचं. उरतात १०.१२५. हजारांशात हिशेब चालू असल्याने हे थेट मिलिमीटर.

म्हणजे पूर्ण लांबीच्या पट्ट्यांनी ९ मिलिमीटर आणि निम्म्या लोखंडात १०.१. आता त्याच पट्ट्या टोकांना लावून हीच वाट पुन्हा चाला. या वेळी भार टोकाला दीडपर्यंतच चढतो, पण दीड मीटरवर उडी मारून ३ होतो आणि मध्यावर ६ ला पोचतो. उत्तर १६.९. मर्यादेच्या किंचित वरच! लोखंड तेवढंच, वेल्डरची मजुरी तेवढीच, आणि १८ वरून सव्वा मिलिमीटरही वाचला नाही. कारण आकृतीतच दिसतं: भाराचा मोठा ढीग मध्यावर होता, आणि आपण कात्री लावली ती कडेच्या बारीक टोकांना.

घाईत माणसं सरासरी काढतात. अर्ध्या लांबीत १०, अर्ध्यात २०, म्हणून सगळीकडे १५ हजार धरू. उत्तर येतं १२ मिलिमीटर, आणि पट्ट्या मध्ये असोत की टोकांना, तेच. दोन्ही ठिकाणी चूक. दोन वेगळ्या रचनांना एकच उत्तर येत असेल तर हिशेबाने पट्टीची जागा विचारातच घेतली नाही, हे ओळखावं.

बीम भिंतीतून बाहेर आलेल्या छज्ज्याचं असेल तर एक गोष्ट सांभाळावी लागते. खरा छज्जा भिंतीपाशी ना झुकतो ना उतरतो, म्हणून कल्पित बीमला तिथे शिअरही नसावा आणि मोमेंटही. म्हणजे ते टोक मोकळं. आणि खऱ्या छज्ज्याचं मोकळं टोक कल्पित बीममध्ये भिंतीत रोवलेलं. टेकू असे उलटायला विसरलं तर भिंतीपाशीच झुकणं निघतं, आणि चूक लगेच उघडी पडते.

एक गोष्ट मात्र ही पद्धत आपणहून सांगत नाही. पट्ट्या वेल्ड करताना मशीन आधीच बीमवर बसलेलं असेल, तर झालेलं १८ मिलिमीटर झुकणं तसंच राहतं, आणि पट्ट्या फक्त पुढच्या भाराला कामी येतात. त्यामुळे पट्टीच्या भागात २०,००० ने भागायचा तो मोमेंट फक्त वेल्डिंगनंतर आलेल्या भाराचा. आधीच्या भाराचा मोमेंट सगळीकडे १०,००० नेच भागायचा. नाहीतर आधी जॅक लावून बीम वर उचला, मग वेल्डरला बोलवा.