विजेचं बिल कागदावर पुन्हा मांडताना

विजेचं बिल जास्त आलं की आपण पहिल्यांदा मीटरवर संशय घेतो. पण मीटर बरोबर असून बिल चुकलेलं असू शकतं, कारण मीटर फक्त युनिटं सांगतो. त्या युनिटांचे रुपये दुसरीकडे होतात. हा दुसरा भाग घरबसल्या तपासता येतो. त्यासाठी बिल, त्यावर छापलेला दरांचा तक्ता आणि एक कोरा कागद पुरतो.

महावितरणच्या घरगुती बिलात युनिटांचे टप्पे असतात : महिन्याला पहिली १००, पुढे ३०० पर्यंत, मग ५०० पर्यंत आणि त्यावरची. १०१ वं युनिट जळलं की सगळीच युनिटं महाग होतात, असा समज फार पसरलेला आहे. तो खरा नाही. वरचा दर फक्त १०० च्या वरच्या युनिटांना लागतो, पहिली १०० स्वस्त ती स्वस्तच राहतात.

खरी गफलत होते ती ‘महिन्याला’ या शब्दापाशी. बिल दोन महिन्यांचं असेल, तर टप्पेही दुप्पट व्हायला हवेत. म्हणजे पहिल्या स्वस्त दराने १०० नव्हे, २०० युनिटं. यालाच ‘स्लॅब बेनिफिट’ म्हणतात. २०२० च्या लॉकडाउननंतर जूनमध्ये तीन महिन्यांची बिलं एकदम आली, तेव्हा राज्यभर हाच प्रश्न विचारला गेला : टप्पे तीन महिन्यांचे धरले की एकाचे? त्यात १ एप्रिलपासून दरही बदलले होते. त्यामुळे आधीची युनिटं जुन्या आणि नंतरची नव्या दराने मोजावी लागत होती.

एक उदाहरण मांडून बघू. समजा, नव्या जोडणीचं पहिलं बिल दोन महिन्यांचं आलं, वापर २४० युनिट. २०२४-२५ चे दर घेऊ : पहिल्या टप्प्याला वीज आकार ४.७१ रुपये, दुसऱ्याला १०.२९, वहन आकार सरसकट १.१७, स्थिर आकार महिन्याला १२८, वीज शुल्क १६ टक्के. इंधन समायोजन आकार दर महिन्याला बदलतो आणि टप्प्यानुसारही वेगळा असतो. इथे तो शून्य धरू.

बिलावर छापलंय : स्थिर आकार २५६, वीज आकार १९११.६०, वहन आकार २८०.८०, वीज शुल्क ३९१.७४, एकूण २८४०.१४.

आता एकेक ओळ आपण काढू. स्थिर आकार १२८ च्या दुप्पट, २५६, जुळला. वहन आकार २४० गुणिले १.१७, म्हणजे २८०.८०, तोही जुळला. वीज आकार मात्र २०० युनिटांचे ९४२ आणि उरलेल्या ४० चे ४११.६०, मिळून १३५३.६०. छापील आकड्यात ५५८ रुपये जास्त आहेत. वीज शुल्क आपल्या हिशोबाने ३०२.४६ येतं, म्हणजे तिथेही ८९.२८ चा फरक.

ओळी दोन चुकल्या, पण चूक एकच आहे. खात्री करायला छापील स्थिर, वीज आणि वहन आकारांची बेरीज घ्या, २४४८.४०. तिचे १६ टक्के ३९१.७४ होतात, छापल्याप्रमाणेच. म्हणजे शुल्काचा हिशोब बरोबर आहे, त्याला मिळालेली रक्कम चुकीची होती. आणि ५५८ हा आकडा स्वतःच कारण सांगतो : दोन दरांमधला फरक ५.५८, गुणिले १०० युनिट. दुसऱ्या महिन्याची स्वस्त १०० युनिटं महाग दरात गेली. स्थिर आकार दोन महिन्यांचा आणि टप्पे एकाच महिन्याचे, हा विरोध त्याच कागदावर दिसतो. एकूण ६४७.२८ रुपये जास्त लागले.

काही पैशांचा फरक मात्र सोडून द्यावा, तो पूर्णांकाचा असतो. ‘पूर्णांक देयक’ तर दहाच्या पटीत असतं, म्हणून शेवटच्या रकमेवरून कधी तपासू नये. आधी सरासरीवर बिल भरलेलं असेल, तर त्याची वजावट झाली का, हे मात्र आवर्जून पाहावं. चालू आणि मागील रीडिंगची वजाबाकी आणि गुणक अवयवही ताडून घ्यावा, कारण युनिटंच चुकली असतील तर पुढचं सारं गणित बरोबर असूनही निरुपयोगी ठरतं.

अर्ज करताना सगळं बिल नाकारू नका. न जुळणारी ओळच लिहा : छापील १९११.६०, यायला हवेत १३५३.६०, कारण टप्पे दोन महिन्यांचे धरले नाहीत. शुल्कही त्यानुसार कमी करावं. अशा अर्जाला ‘मीटर तपासून घ्या’ असं उत्तर देता येत नाही. वाद मिटेपर्यंत, मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीने येणारी रक्कम, यातली जी कमी असेल ती निषेध नोंदवून भरली, तर वीज कायदा २००३ च्या कलम ५६ नुसार त्या रकमेसाठी पुरवठा तोडता येत नाही.