लेसर शलाकेची कटी

भिलाईच्या पोलाद कारखान्यात १३० मीटर लांबीचा अखंड रूळ तयार होतो. अशा रुळाच्या एका टोकाशी हीलियम-निऑन लेसर मांडून त्याची तांबडी शलाका दुसऱ्या टोकावरील पडद्यावर सोडली, असे समजू. उगमाशी ती सुईसारखी बारीक दिसते. परंतु पडद्यावर सुमारे १३ सेंटीमीटर रुंदीचा फिकट ठिपका उमटतो. रुळाचा सरळपणा त्यावरून पाहू जाणे हा व्यर्थ खटाटोप होय. हा लेसरचा दोष नव्हे. प्रकाशाच्या तरंगरूपाचाच तो परिणाम आहे.

अशा शलाकेच्या मध्यभागी तेज सर्वाधिक असून कडेकडे ते गाउसच्या घंटाकृती वक्रानुसार मंदावत जाते. तिला निश्चित कड नसल्याने, तेज मध्याच्या १३.५ टक्के उरते तेथपर्यंतचे अंतर त्रिज्या मानतात. ही त्रिज्या जेथे सर्वांत लहान असते ते स्थान म्हणजे शलाकेची कटी. तेथून z अंतरावर त्रिज्या अशी असते :

w = w₀ √(1 + (z/z_R)²), z_R = πw₀²/λ

यातील z_R हे रॅले अंतर. तेवढ्या टापूत शलाका जवळजवळ समांतर राहते, पुढे शंकूसारखी पसरते. कटीची त्रिज्या ०.४ मिलिमीटर व तरंगलांबी ६३३ नॅनोमीटर घेतल्यास हे अंतर जेमतेम ०.८ मीटर भरते आणि १३० मीटरांवर त्रिज्या ६५ मिलिमीटर होते.

उपाय प्रथमदर्शनी विपरीत वाटतो : शलाका आधी रुंद करावी. उलटी धरलेली दुर्बीण तिला वीसपट रुंदावते. कटी ८ मिलिमीटर झाली की रॅले अंतर चारशेपट, म्हणजे सुमारे ३१८ मीटर होते; रुळाच्या शेवटी त्रिज्या ८.६ मिलिमीटर इतकीच भरते. मात्र भिंगाचा व्यास या त्रिज्येच्या निदान चौपट असावा. तो अपुरा पडला तर कडेचे तेज कापले जाते व ठिपक्याभोवती वलये दिसू लागतात. चूक ओळखण्याची खूण हीच.

भिंगाने शलाका एकवटतानाही हाच नियम लागू पडतो. १०० मिलिमीटर नाभीय अंतराचे भिंग मूळच्या बारीक शलाकेच्या कटीपाशी ठेवल्यास नवी कटी ०.०५ मिलिमीटर त्रिज्येची होते आणि ती नाभीवर न पडता भिंगाकडे १.६ मिलिमीटर अलीकडे पडते. किरणांच्या रेखाटनावर विसंबणाऱ्यास हे चकवते. रुंदावलेली शलाका त्याच भिंगातून गेल्यास, भिंग निर्दोष असेल तर, कटी ०.००२५ मिलिमीटरवर येते; पण तिचे रॅले अंतरही अवघे ०.०३ मिलिमीटर उरते. पडदा केसाच्या जाडीइतका सरकला तरी ठिपक्याची रुंदी दुपटीहून अधिक वाढते.