एका हातची चिन्हे

वाचनालयासाठी पुस्तक, घड्याळ, जिना आणि नळ अशी चार चिन्हे चित्रे निर्माण करणाऱ्या संगणकप्रणालीकडून करून घ्यावयाची आहेत, असे समजू. प्रत्येक वेळी ‘साधे चित्र’ एवढेच सांगितले, तर पुस्तक जाड रेषेत उमटते. घड्याळाला मात्र धातूची चकाकी येते. कारण अशा अनेक प्रणालींत प्रत्येक चित्राचा आरंभ यादृच्छिक ठिपक्यांच्या गोंधळातून होतो आणि स्वतंत्र सूचनेला आधीच्या चित्राची स्मृती नसते. जे सांगितलेले नाही, ते प्रणाली त्या वस्तूच्या परिचित चित्रांवरून भरून काढते.

म्हणून सूचनेचे दोन भाग करावेत. ‘एकाच जाडीची काळी रेषा, गोलसर कोपरे, समोरून दिसणारी वस्तू, पांढरी पार्श्वभूमी’ हा शैलीचा भाग चारही वेळा अक्षरशः तोच ठेवावा. केवळ वस्तूचे नाव बदलावे. पहिले समाधानकारक चित्र पुढील प्रत्येक सूचनेस नमुना म्हणून जोडावे. मिडजर्नी या प्रणालीत त्यासाठी `--sref` ही खूण असते.

नंतर चारही चित्रे लहान करून एका ओळीत मांडावीत. विजोड चित्र लगेच डोळ्यांत भरते. ते घड्याळ असेल, तर ‘घड्याळ’ न म्हणता ‘दोन काटे असलेले वर्तुळ’ असे सांगून पाहावे. तथापि रेषेची नेमकी जाडी शब्दांनी साधत नाही. ती अखेरीस रेखाटनाच्या प्रणालीत हातानेच सारखी करावी लागते.